दोन फुटी टाकीत किती मासे ठेवायचे?

आधी टाकीतलं खरं पाणी मोजा. दुकानदार ६० × ३० × ३० सेंमीची टाकी ५४ लिटरची म्हणून देतो. पण तळाला ४ सेंमी वाळू आणि वर तेवढीच मोकळी जागा सोडली, की पाण्याची उंची २२ सेंमीच उरते. ६० × ३० × २२ भागिले १००० म्हणजे जेमतेम ४० लिटर. हिशेब याच आकड्यावर करायचा.

सुरुवातीला २ लिटरला १ सेंमी मासा धरा. म्हणजे ४० लिटरला एकूण २० सेंमी: साधारण ३ सेंमीचे सहा नर गप्पी. माद्या आणल्यात तर पिल्लांनी महिन्या-दोन महिन्यांत हिशेब मोडतो.

नवे लोक हमखास इथे चुकतात:

- दुकानातली लांबी धरतात. पूर्ण वाढीची धरा.
- गोल्डफिश या नियमात बसवतात. तो जाडजूड, घाण खूप करणारा आणि २० सेंमीच्या पुढेही वाढणारा मासा आहे. या टाकीत एकही नको.
- सगळे मासे एकदम सोडतात. विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला काही आठवडे लागतात. आधी दोनच सोडा आणि चाचणीत अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावर पुढचे आणा.

पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर लगेच एक तृतीयांश पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलंच हवं.