बाटली घेतली, गेली

“मॅडम, लेकीचा शाळेचा पहिला दिवस झाला. फोटोखाली दोन ओळी टाकायच्यात. अभिमान वाटतो, डोळेही भरून येतात, पण लिहायला घेतलं की सगळं नाटकी वाटतं. काय लिहू?”

जूनमध्ये पाऊस लागला आणि शाळा उघडल्या की हे कुणी ना कुणी विचारतंच. डिचोलीकडच्या एका आईचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

तिने मोबाईल पुढे केला. ‘माझ्या काळजाचा तुकडा आज माझ्यापासून दूर गेला...’ खाली रडक्या चेहऱ्यांची रांग.

“ती रडली?”

“छे! मीच रडले. तेही घरी येऊन.”

मग हा मजकूर लेकीच्या फोटोखाली कशाला? माझी जुनी खोड आहे, रडू ज्याचं त्याच्या नावावर मांडायचं. मुलांच्या फोटोंखाली आपण बहुतेकदा आपलीच गाऱ्हाणी लिहितो आणि पुढे ती मुलांना वाचावी लागतात.

“हे आधी कुणी वाचावं असं वाटतं?” मी विचारलं.

ती बराच वेळ गप्प. “ह्यांनी. बोटीवर आहेत. रेंज आली की बघतील.”

इथे गाठ सुटली. गोव्यात अशी घरं पुष्कळ. नवरा बोटीवर, इकडे सगळे पहिले दिवस बाईने एकटीने पाहायचे. ‘दूर गेला’ हे लेकीबद्दल नव्हतंच. ते वाचून त्याच्या जिवाला घोर लागला असता, आणि तिला नेमकं तेच नको होतं. त्याला फक्त ती सकाळ दिसायला हवी होती.

म्हणून म्हटलं, “काय वाटलं ते राहू दे. गेटावर काय झालं ते सांगा.”

“काय होणार? हात सोडून धावली. बाटली माझ्याकडेच राहिली. हाक मारली तर परत आली, बाटली घेतली, गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. आणि मी बावळटासारखी पावसात उभी.”

“हेच लिहा.”

‘बावळटासारखी’ मी काढायला लावलं. स्वतःची टिंगल म्हणजेही लपणंच. ‘गोड’, ‘चिमुकली’ही गेलं. मागे न वळणाऱ्या पोरीला विशेषणं कशाला? उरलं ते असं:

‘बाटली विसरली म्हणून परत आली. बाटली घेतली, गेली. मी गेटावर थोडा वेळ उभी होते.’

अभिमान दुसऱ्या वाक्यात आहे, डोळ्यातलं पाणी तिसऱ्यात. चौथं वाक्य लिहायचा मोह होतोच. तिथेच नाटक सुरू होतं. फोटोतून तेवढा शाळेचा बिल्ला आणि बालरथ बसचा नंबर कापायला सांगितला.

पुढच्या भेटीत तिने नवऱ्याचं उत्तर दाखवलं.

‘बाटली कुठली? मी आणलेली निळी?’