एकाच पायाची पोटरी सुजली असेल तर आजच डॉप्लर सोनोग्राफी करा, चोळू नका

प्रश्न: परवा नागपूरहून पुण्याला १५ तास बसून आले, बसमध्ये पाय हलवायला जागाच नव्हती. कालपासून डावी पोटरी दुखतेय, सुजल्यासारखी वाटते, उजवी एकदम ठीक आहे. सासूबाई म्हणतात गोळा आलाय, तेल लावून चोळ. ही रक्ताची गुठळी असू शकते का? किती दिवस वाट बघू?

उत्तर:

असू शकते, आणि वाट अजिबात बघू नका, आजच दाखवा. रविवार असला, रात्र असली तरी कॅज्युअल्टी असलेल्या हॉस्पिटलला जा. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि 'प्रवासाने पोटरी धरलीये, जरा मसाज करून द्या' असं म्हणत येणारे पेशंट मला नेहमी भेटतात. त्यातल्या बहुतेकांचा स्नायूच ताणलेला असतो हे खरंय, पण कुणाचा स्नायू आणि कुणाची गुठळी हे नुसतं हात लावून मलाही सांगता येत नाही.

आणि हे वाचत असतानाच दम लागत असेल, खोल श्वास घेताना छातीत टोचत असेल, छाती धडधडत असेल, चक्कर येत असेल किंवा खोकल्यातून रक्त पडलं असेल, तर पुढचं वाचू नका, १०८ ला फोन करा. पोटरीतली गुठळी तुटून फुप्फुसात गेली की असंच होतं.

हे काहीच नसेल तर शिवणकामाची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली समोर नडगीवर हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो, तिथून खाली १० सेंटिमीटर मोजून पेनाने खूण करा, दोन्ही पायांवर अगदी त्याच जागी, आणि तिथला घेर मोजा. दोन पायांत ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर डॉक्टर तो गंभीरपणे घेतात. फरक कमी आला म्हणून घरी मात्र बसायचं नाही, सुरुवातीला सूज थोडीच असते. नडगीवर अंगठा जरा दाबून धरा आणि सोडा, सुजऱ्या पायालाच खड्डा पडत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. बसून बसून येणारी साधी सूज सहसा दोन्ही पायांना सारखी असते आणि रात्रभर पाय उशीवर ठेवले की सकाळी उतरते. तुमची एकाच पायाला आहे आणि दुसऱ्या दिवशीही तशीच आहे, मला काळजी वाटते ती याचीच.

पाय चोळू नका. तेल नाही, गरम पिशवीने शेकणं नाही, मसाज गन नाही, आणि सासूबाईंना हे माझ्या नावाने सांगा. गुठळी ताजी असताना शिरेच्या भिंतीला नीट चिकटलेली नसते, दाबल्याने तिचा तुकडा सुटू शकतो.

एक पेशंट सांगते, म्हणजे मी एवढी का मागे लागलेय ते कळेल. वय चाळिशीच्या आत, तुमच्यासारखाच रात्रभराचा बसचा प्रवास, डावीच पोटरी. घरी तीन दिवस तेल लावून झालं, चौथ्या दिवशी माझ्याकडे व्यायाम शिकायला आल्या. टेप लावली तर उजवा ३४ आणि डावा साडेसदतीस. कुठल्या गोळ्या चालू आहेत विचारलं तर नाही म्हणाल्या, परत विचारलं तर नाही, तिसऱ्यांदा मी सरळ पाळीबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या की हो, घरी वास्तुशांत होती म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या, दिवसाला तीन, दहा दिवस. आपल्याकडे पूजा, लग्न, देवदर्शन आलं की बायका या गोळ्या मेडिकलमधून थेट आणतात आणि त्याला कुणी औषध समजतच नाही. बहुतेकदा ते नॉरएथिस्टेरोन असतं आणि या डोसला शरीरात त्याच्या काही भागाचं इस्ट्रोजेन बनतं, तेच जे गर्भनिरोधक गोळ्यांत असतं आणि ज्याने रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते. त्यात १५ तास पाय लोंबकळत, पोटरीचा स्नायू हलत नाही म्हणून रक्त वर ढकललं जात नाही, पाणी कमी प्यायलेलं (बसमध्ये बाथरूमची सोय नाही म्हणून आपण सगळ्याच तेच करतो). मी निघता निघता सहज विचारलं की जिना चढताना दम लागतो का, तर म्हणाल्या सकाळपासून लागतोय, दगदग झाली ना. तिथून त्या थेट हॉस्पिटलला गेल्या. डॉप्लरमध्ये गुडघ्यामागच्या शिरेत गुठळी दिसली आणि सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसातही छोटी. ॲडमिट झाल्या, आधी इंजेक्शन मग गोळ्या, आज त्या बऱ्या आहेत.

म्हणून डॉक्टरांना हे न विचारता सांगा: किती तास बसून आलात, पाळीच्या किंवा गर्भनिरोधक कुठल्याही गोळ्या, गरोदर असाल किंवा नुकतीच डिलिव्हरी झाली असेल तर ते, गेल्या तीनेक महिन्यांत ऑपरेशन किंवा प्लास्टर, कॅन्सर, आणि आई-वडील किंवा भावंडांत कुणाला गुठळी झाली होती का.

तपासणीला घाबरू नका. डॉप्लर म्हणजे सोनोग्राफीच, सुई वगैरे काही नाही. जांघेपासून खाली प्रोबने शीर हलकी दाबून बघतात, चांगली शीर दाबली की चपटी होते, आत गुठळी असेल तर होत नाही, मुख्य परीक्षा एवढीच. काही ठिकाणी आधी डी-डायमर नावाची रक्ताची टेस्ट करतात. डॉक्टरांना तपासून संशय कमी वाटला आणि ती निगेटिव्ह आली तर गुठळी जवळपास नाहीच म्हणता येतं. पण पॉझिटिव्ह आली म्हणजे गुठळी आहेच असं नाही, ताप, इन्फेक्शन, गरोदरपण, ऑपरेशन कशानेही ती वाढते. त्यामुळे लॅबमधून स्वतःच करून आणून स्वतःच निकाल लावू नका.

गुठळी निघालीच तर रक्त पातळ करायची औषधं देतात, साधारण किमान तीन महिने. ती गुठळी विरघळवत नाहीत, वाढू देत नाहीत, विरघळवायचं काम शरीरच हळूहळू करतं, म्हणून पाय बरा वाटला की गोळ्या सोडायच्या नसतात. घरात कुणाची ॲस्पिरिन पडलेली असेल तर ती त्याला पर्याय नाही. दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनही स्वतःहून घेऊ नका, पुढे रक्त पातळ करायचं औषध सुरू झालं तर दोन्हींनी मिळून रक्तस्राव होऊ शकतो.

आणि डॉप्लर नॉर्मल आला तर बहुतेक स्नायू ताणलेला असेल, किंवा गुडघ्यामागची पाण्याची गाठ फुटून पोटरीत उतरली असेल, किंवा त्वचेचं इन्फेक्शन असेल, तेव्हा चामडी लाल, गरम लागते. पण पोटरीतल्या बारीक शिरांमधली गुठळी पहिल्या डॉप्लरमध्ये नजरेतून सुटू शकते आणि ती नंतर वर सरकू शकते. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल असूनही सूज उतरत नसेल तर डॉक्टरांना विचारून आठवडाभरात डॉप्लर परत करून घ्या, आणि मधल्या दिवसांत पाय जास्त सुजला किंवा दम लागला तर आठवड्याचीही वाट बघू नका.