रिपोर्टांची फाईल नको, एक पान द्या

*प्रिय ताई,*
*आमचा मुलगा सात वर्षांचा आहे, दुसरीत आहे. वजन २० किलो. पाचव्या वर्षी त्याला नेफ्रॉटिक सिंड्रोम असल्याचं कळलं. तेव्हापासून दोनदा आजार उलटला. मागच्या वेळी अकरा दिवस शाळा बुडली, या वेळी नऊ. आता लघवी साफ आहे, स्टेरॉइड एक दिवसाआड चालू आहे आणि तो शाळेत जातोय. बाई म्हणाल्या, "सारखं सारखं काय होतं याला? एकदा नीट लिहून तरी द्या." ह्यांना सगळे रिपोर्ट जोडून सविस्तर पत्र द्यायचंय. सासूबाई म्हणतात, किडनीचं नाव शाळेत काढू नका, गावभर होईल. गाल फुगल्यामुळे मुलं त्याला ढब्बू म्हणतात. नक्की काय लिहू, किती लिहू?*
*— एक आई*

ताई,

मी तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. माझ्या वर्गात हाच आजार असलेली एक मुलगी होती. तिच्या वडिलांनी जूनमध्ये मला रिपोर्टांची जाडजूड फाईल आणून दिली होती. मी ती आदराने कपाटात ठेवली, आणि खरं सांगते, उघडली नाही. फेब्रुवारीत वर्गात एकाला कांजिण्या आल्या. मी तिच्या घरी कळवलं ते पाचव्या दिवशी, तेही तिची आई भेटली म्हणून बोलता बोलता. पुढच्या आठवड्यात मुलीच्या अंगावर पुरळ उठला. दवाखान्यात ठेवून शिरेतून औषध द्यावं लागलं. ती बरी झाली. पण "कांजिण्या दिसल्या तर त्याच दिवशी फोन करा" हे वाक्य त्या फाईलच्या अकराव्या पानावर होतं.

म्हणून तुमच्या ह्यांना सांगा, रिपोर्ट घरीच राहू द्या. अल्ब्युमिन किती आणि कोलेस्टेरॉल किती हे बाईंना कळून काही उपयोग नाही. त्यांना दोनच गोष्टी हव्यात: वर्गात काय दिसेल आणि दिसलं तर काय करायचं. ते एका पानात बसतं.

सासूबाईंची भीती मला कळते. आपल्याकडे किडनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर थेट डायलिसिस येतं. पण नाव लपवलं की बाई स्वतःच काहीतरी ठरवतात, बहुतेक वेळा "आईवडील शाळेबद्दल गंभीर नाहीत" असंच. त्यापेक्षा शब्द लिहा आणि त्याचा अर्थही तिथेच सांगा. किडनीतली गाळणी अधूनमधून सैल पडते, अंगातलं प्रोटीन लघवीवाटे निघून जातं आणि अंगात पाणी साठून सूज येते. स्टेरॉइडने ज्यांची लघवी साफ होते, अशा मुलांची किडनी सहसा निकामी होत नाही, आणि बहुतेकांचं उलटणं मोठेपणी थांबतं. तुमचा मुलगा त्यातलाच दिसतो. तरी पत्रात लिहिण्याआधी हे वाक्य डॉक्टरांना विचारून घ्या. पत्र वर्गशिक्षिकेला आणि मुख्याध्यापकांना द्या, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. म्हणजे गावभर व्हायचाही प्रश्न नाही.

गैरहजेरीबद्दल पालक दोन चुका करतात. एक तर "वर्षभरात वीस दिवस सुट्टी लागेल" असा आकडा देतात, जो कोणालाच माहीत नसतो. नाहीतर काहीच सांगत नाहीत आणि प्रत्येक वेळी नवा अर्ज नेतात. आकड्याऐवजी पद्धत सांगा. तुम्ही रोज सकाळी पट्टीने लघवी तपासून वहीत लिहीत असणारच. सलग तीन दिवस पट्टीवर प्रोटीन तीन प्लस किंवा त्याहून जास्त आलं की आजार उलटला असं डॉक्टर धरतात. म्हणजे बाईंना सूज दिसण्याआधी तुम्हाला कळलेलं असतं. पहिल्या दिवशी तीन प्लस आलं की बाईंना मेसेज टाका: "दोन दिवसांत कळेल." मग गैरहजेरी अचानक येत नाही आणि त्या अभ्यासाची पानं आधीच काढून ठेवू शकतात. या मेसेजने बाईंचा सूर जेवढा बदलेल, तेवढा कुठल्याही मेडिकल सर्टिफिकेटने बदलणार नाही. हा माझा अनुभव आहे.

औषधाचे मिलिग्रॅम पत्रात घालू नका, कारण ते बदलत राहतात. आजार उलटला की २० किलोच्या मुलाला साधारण रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असतं. लघवी सलग तीन दिवस साफ आली की ३० मिलिग्रॅम, एक दिवसाआड, चार आठवडे. हा नेहमीचा हिशेब झाला. तुमच्या डॉक्टरांचा वेगळा असेल तर तोच खरा. बाईंना इतकंच कळायला हवं की रोजच्या गोळीच्या दिवसांत त्यांच्यासमोर जरा वेगळा मुलगा बसलेला असतो. तो सकाळी साडेदहालाच डबा उघडेल. पेन्सिल कोणी घेतली म्हणून रडेल, नाहीतर ढकलून देईल. बाई याला लाडावलेपण समजतात. मीही समजले होते.

आता मसुदा देते. नावं, तारखा, नंबर तुम्ही भरा.

> आदरणीय बाई,
>
> आमच्या मुलाला नेफ्रॉटिक सिंड्रोम आहे. यात किडनीची गाळणी काही काळ सैल पडते आणि अंगावर सूज येते. किडनी निकामी झालेली नाही. हा आजार संसर्गजन्य नाही, दुसऱ्या मुलांना होत नाही. औषधाने तो बरा होतो, पण पुन्हा उलटू शकतो.
>
> वर्गात कांजिण्या किंवा गोवर आलेलं कोणी मूल कळलं, तर कृपया त्याच दिवशी आम्हाला फोन करा, संशय असला तरी. त्या मुलाचं नाव नको. औषधामुळे आमच्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी आहे. हे आजार त्याला जोरात होऊ शकतात, आणि ते टाळण्याचे उपाय पहिल्या काही दिवसांतच नीट लागू पडतात.
>
> पोट दुखून ताप आला, किंवा त्याला उलटी झाली, तरी लगेच फोन करा. शाळा सुटेपर्यंत थांबू नका. सकाळची गोळी उलटीतून गेली असेल तर डॉक्टरांना विचारावं लागतं; हे औषध एकदम बंद पडून चालत नाही. शाळेत त्याला कुठलीही गोळी देऊ नये, तापाची किंवा दुखण्याची सुद्धा.
>
> औषध तो घरी, सकाळी खाऊन घेतो. औषधामुळे त्याला खूप भूक लागते, चिडचिड होते आणि गाल फुगतात. मधल्या सुट्टीआधी एकदा डब्यातलं थोडं खाऊ द्यावं. सूज असताना मीठ कमी करावं लागतं, त्यामुळे वेफर्स, लोणचं, पापड नको. लघवीला जायचं म्हटलं तर तास चालू असला तरी सोडावं.
>
> सकाळी डोळ्यांखाली सूज दिसली, किंवा मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ पायावर दिसला, तर संध्याकाळी कळवावं. बरा असताना त्याला खेळाच्या तासाला सगळ्यांसारखं खेळू द्यावं.
>
> आम्ही रोज घरी लघवी तपासतो. आजार उलटतोय असं वाटलं तर आधी मेसेज करू. मग साधारण आठ-दहा दिवस तो घरी राहू शकतो. असं वर्षात एखाद-दुसऱ्या वेळी होईल किंवा होणारही नाही. तपासणीला महिन्यातून एक दिवस जावं लागेल, तो आधी सांगू. वर्गात कांजिण्या आल्या तर डॉक्टर सांगतील तितके दिवस घरी ठेवू. बुडलेला अभ्यास दर शुक्रवारी वहीत लिहून मिळाला तर आम्ही करून घेऊ.
>
> आपले, (आई-वडील, दोघांचे फोन)

पत्रात कांजिण्या वर का आणि अभ्यास शेवटी का, ते सांगते. बाई पहिला परिच्छेद नक्की वाचतात, दुसरा बहुतेक वाचतात. कांजिण्यांच्या मुलाचा संसर्ग पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीच सुरू झालेला असतो, म्हणजे कळतं तेव्हा आपण आधीच उशिरा असतो. फोन आला की तुम्ही डॉक्टरांना विचारायचं: याला आधी कांजिण्या येऊन गेल्यात का, लस किती झाल्यात, आत्ता स्टेरॉइड किती चालू आहे. त्यावर ठरतं की प्रतिबंधक इंजेक्शन द्यायचं, गोळ्या द्यायच्या की नुसतं लक्ष ठेवायचं. ते इंजेक्शन चार दिवसांच्या आत द्यायचा प्रयत्न असतो, आणि छोट्या गावात मिळेलच असं नाही, मागवावं लागतं. माझे पाच दिवस असेच गेले होते. लसीची माहिती आत्ताच कागदावर लिहून काढा. कांजिण्यांची लस राहिली असेल तर ती कधी देता येईल हेही विचारून घ्या. ती जिवंत लस आहे, स्टेरॉइड जास्त असताना देत नाहीत.

पोटदुखीचं वाक्यही कोणाच्या सांगण्यावरून गाळू नका. पोटात पाणी साठलेल्या मुलाला तिथे जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि शाळेत मात्र "पोट दुखतंय" हे वाक्य रोज पाच मुलं म्हणतात. ताप असताना म्हणालं तर ते वेगळं, हे बाईंना लिहूनच द्यावं लागतं.

राहिला ढब्बू. हे पत्रात घालू नका, तोंडी बोला. आणि त्याआधी मुलाला विचारा, वर्गात काय सांगितलेलं चालेल. काहींना आजाराचं नाव सांगितलेलं आवडतं, काहींना अजिबात नाही. माझ्या वर्गातल्या मुलीने ठरवलं होतं: "गाल औषधाने आलेत, औषध कमी झालं की जातील." मी ते एकदाच सांगितलं, हसत, गणिताच्या तासाला, आणि लगेच पाढे सुरू केले. पंधरा दिवसांनी कोणी पुन्हा काही म्हणालं तर तीच उत्तर द्यायची. एखादा मुद्दाम रोज चिडवत असेल तर ते नाव बाईंना सांगा, ते मग समजावण्याचं नव्हे, शिस्तीचं काम आहे.

पत्र दप्तरातून पाठवू नका. शाळा सुटल्यावर दोघांनी जाऊन, दहा मिनिटं मागून हातात द्या. खेळाच्या सरांना आणि बदली बाईंना कळेल अशी सोय मागा, कारण फोन करायची वेळ आली की वर्गशिक्षिका नेमकी प्रशिक्षणाला गेलेली असते. तुमचे दोन नंबर आणि "कांजिण्या, गोवर, ताप-पोटदुखी, उलटी: लगेच फोन" एवढं एका चिठ्ठीवर लिहून न्या आणि हजेरीपटाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवायला सांगा. हजेरीपट रोज उघडतो. जूनमध्ये बाई बदलतील तेव्हा हेच पत्र पुन्हा द्यायचं आहे, फक्त तेव्हा औषध कुठलं चालू आहे ते डॉक्टरांकडून पाहून घ्या.

— ताई