पंचवीस जणांच्या नाश्त्याला भुर्जी की ऑम्लेट? अंडी, तेल, कांद्याचा हिशोब

प्रश्न: आम्ही २५ जण सहलीला जातोय, सकाळी नाश्त्याला भुर्जी किंवा ऑम्लेट करायचा विचार आहे. माणशी किती अंडी धरावीत? त्या हिशोबाने तेल आणि कांदा किती घ्यावा?

उत्तर:

दीड ट्रे अंडी, पावणेदोन किलो कांदे आणि पाव लिटर तेल. भुर्जी करणार असाल तर एवढं पुरतं. हा आकडा कसा आला ते सांगतो, म्हणजे माणसं कमी-जास्त झाली तर तुम्हाला तो बदलता येईल.

आधी अंडं न खाणारे किती ते विचारून घ्या. २५ जणांत असे तीन निघाले असं धरू. राहिले २२. त्यात पाच लहान मुलं असतील तर त्यांना एकेक पुरतं. चार कॉलेजातली पोरं असतील तर त्यांना तीन-तीन धरा, ती तेवढी खातातच. उरलेल्या तेरा जणांना दोन-दोन. म्हणजे ५, १२ आणि २६ मिळून ४३ अंडी झाली. ट्रेमध्ये ३० असतात, म्हणून दीड ट्रे, ४५. वरची दोन फुटलेल्या किंवा खराब निघणाऱ्या अंड्यांसाठी. सोबत पाव किंवा पोळ्या हव्यातच, माणशी तीन पाव. नुसती भुर्जी खायची झाली तर माणशी तीन अंडीही कमी पडतील.

अंड्यांचा हिशोब सरळ आहे, माणसं दुप्पट तर अंडी दुप्पट. कांद्याचं आणि तेलाचं मात्र तसं नाही, आणि बहुतेकांचं तिथेच चुकतं. माझंही चुकलं होतं. घरी आम्ही चार अंड्यांना दोन मध्यम कांदे आणि दोन मोठे चमचे तेल घेतो. एकदा एका कार्यक्रमाला ६० अंड्यांची भुर्जी करायची होती. मी तेच प्रमाण पंधरापट केलं, जवळजवळ तीन किलो कांदा चिरला आणि सगळा एकाच पातेल्यात घातला. वीस मिनिटं हलवत होतो, तरी कांदा काही परतला जाईना. पाणी सुटून त्यातच तो शिजत राहिला. अंडी घातल्यावर खाली पिवळसर पाणी आणि वर गुठळ्या. चव गोडसर, कच्च्या कांद्याचा वास तसाच.

याचं कारण साधं आहे. घरच्या कढईत कांद्याचा थर पातळ असतो, त्यामुळे सुटलेलं पाणी लगेच उडून जातं. मोठ्या भांड्यात थर चार बोटं जाड होतो. भांड्याचं तळ तेवढंच राहतं, वाफ वरच्या कांद्यात अडकते, आणि परतण्याऐवजी तो उकडतो. म्हणून मोठ्या प्रमाणावर करताना कांदा थोडा कमी घ्यायचा. घरी अंड्यामागे ४०–५० ग्रॅम पडतो, इथे सोललेला ३५ ग्रॅम धरा. ४३ अंड्यांना दीड किलो. सोलण्यात जाणारं धरून पावणेदोन किलो आणा.

तेलही असंच. थोडं तेल भांड्यालाच लागतं, ते चार अंड्यांनाही लागतं आणि वीस अंड्यांनाही. त्यामुळे घरी अंड्यामागे साडेसात मिली जात असेल तर मोठ्या कढईत सहा मिली पुरे. ४३ अंड्यांना साधारण २६० मिली झालं. याहून कमी केलंत तर कांदा तळाला धरतो.

आणि हे सगळं एका घाण्यात करू नका. मोठी पसरट कढई असली तरी एका वेळी २१–२२ अंडी, म्हणजे दोन घाणे. एका घाण्याला १३० मिली तेल आणि पाऊण किलो कांदा. तेल चांगलं तापू द्या, मग कांदा आणि सहा-सात मिरच्या घालून मोठ्या आचेवर परता. दहा-बारा मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा कानावर भरवसा ठेवा. सुरुवातीला खदखदल्यासारखा ओला आवाज येतो. पाणी आटलं की तो बदलून चरचर सुरू होते, कांदा निम्म्यावर येतो आणि कडेला तेल दिसू लागतं. तोपर्यंत अंडी घालायची घाई करू नका. टोमॅटो घालायचे असतील तर घाण्याला दोनच, आणि तेही पूर्ण आटवून. मग हळद, तिखट आणि तीन सपाट लहान चमचे मीठ. कमी वाटलं तर शेवटी वाढवता येतं.

अंडी एकेक करून आधी वाटीत फोडा, मग मोठ्या भांड्यात टाका. एक खराब अंडं सरळ भांड्यात पडलं तर आधीची वीस जातात. नुसती हलकी फेटून कढईत ओता, आच मध्यम करा, अर्धा मिनिट हात लावू नका. मग उलथन्याने तळ खरवडत हलवा. पातळ अंडं कुठे दिसत नाही, पण अजून ओलसर चमक आहे, एवढ्यावर गॅस बंद करा आणि लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. जड कढईची उष्णता पुढचं मिनिटभर शिजवत राहते. तिथेच राहू दिली तर अंडं आवळतं आणि पाणी सोडतं. वर घट्ट झाकणही नको, वाफेचं पाणी खाली गळतं. पहिला घाणा वाढायला घ्या आणि दुसरा चढवा.

आता ऑम्लेटचं. इथे कांदा खूप कमी लागतो, दोन अंड्यांच्या ऑम्लेटला २०–२५ ग्रॅम, तोही अगदी बारीक. त्याहून जास्त घातला तर उलटताना फाटतं. २२ जणांना अर्धा किलो पुरतो. तेल मात्र वाचत नाही. प्रत्येक वेळी तव्यावर नव्याने दोन लहान चमचे सोडावंच लागतं, म्हणजे तेही पाव लिटरच्या आसपास जातं. कांदा, मीठ आणि अंडी सगळ्यांसाठी एकदम कालवून ठेवू नका. मिठाने कांद्याला पाणी सुटतं आणि शेवटची ऑम्लेटं पातळ, चिकटणारी होतात. चार-पाच ऑम्लेटांपुरतंच कालवत जा.

खरी अडचण वेळेची आहे. एका ऑम्लेटला तीन मिनिटं धरली तर एका तव्यावर २२ व्हायला तास उलटून जातो. पहिला जेवून हात धुतो तेव्हा शेवटचा उपाशीच असतो, आणि करणारा त्याच्याही नंतर. दोन तवे आणि दोन करणारे असतील तर जमेल. नाहीतर दहा-बारा माणसांच्या वर मी भुर्जीच करतो.

कांदा रात्री चिरून न्यायचा असेल तर सुरीनेच चिरा आणि मीठ न लावता बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. मिक्सरमधून काढला तर त्याचा लगदा होतो आणि सकाळी पुन्हा तेच पाणी आटवत बसावं लागतं. अंडी मात्र रात्री फोडून ठेवू नका, ती सकाळी चुलीशेजारीच फोडा.