सोयाबीन, तेल आणि डीओसी : जॉइंट कॉस्ट विक्रीमूल्यावर वाटताना

प्रश्न : आमच्या साल्व्हंट प्लांटमध्ये एकाच सोयाबीनमधून तेल आणि डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड, निघते, थोडी सालपटंही विकतो. स्प्लिट-ऑफ पॉइंटच्या विक्रीमूल्यावर जॉइंट कॉस्ट वाटायची म्हणजे आकडे नेमके कुठून घ्यायचे? तेल आम्ही पुढे रिफाइन करतो, मग भाव क्रूडचा धरायचा की रिफाइंडचा?

उत्तर : भाव क्रूडचा धरा. का, ते गणितातून दिसेल, पण आधी तुमच्या प्लांटमध्ये स्प्लिट-ऑफ पॉइंट, म्हणजे सामाईक खर्च संपून दोन माल वेगळे होण्याची जागा, नेमकी कुठे आहे ते पक्कं करायला हवं. बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

तांत्रिकदृष्ट्या तेल आणि पेंड एक्स्ट्रॅक्टरमध्येच वेगळे होतात. एका बाजूने तेल आणि हेक्झेनचं मिश्रण, म्हणजे मिसेला, डिस्टिलेशनला जातं. दुसऱ्या बाजूने हेक्झेनने भिजलेली पेंड डीटीमध्ये, म्हणजे डिसॉल्व्हंटायझर-टोस्टरमध्ये जाते. पण मिसेला कुणी विकत घेत नाही आणि ओली पेंडही नाही. त्या जागी बाजारभावच नसल्यामुळे तिथलं विक्रीमूल्य काढता येत नाही. शिवाय दोन्ही बाजूंनी परत मिळणारं हेक्झेन एकाच साठ्यात येतं आणि महिन्याला जेवढं हेक्झेन उडतं, त्यातलं तेलापायी किती आणि पेंडीपायी किती हे मोजता येत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : क्रूड तेल टाकीत पडलं आणि सुटी डीओसी डीटी-कूलरमधून बाहेर आली, की तो तुमचा स्प्लिट-ऑफ पॉइंट. तिथपर्यंतची वाफ, वीज, हेक्झेन, मजुरी, घसारा हा सगळा खर्च जॉइंट. डीओसीची बारदानं, थप्पी लावण्याची हमाली आणि तेलाची रिफायनरी हा त्यानंतरचा खर्च, तो ज्याचा त्याच्याच माथी.

आता एका महिन्याचं गणित घेऊ. भाव समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

1,000 टन सोयाबीन गाळलं. लातूरसारख्या बाजार समितीत भाव क्विंटलवर असतो. समजा अडत, हमाली, बाजार फी, गाडीभाडं धरून माल प्लांटवर 4,400 रुपये क्विंटलने पोचला, म्हणजे 440 लाख रुपये. स्प्लिट-ऑफपर्यंतची प्रक्रिया 25 लाख. एकूण जॉइंट कॉस्ट 465 लाख. माल निघाला तो असा : क्रूड तेल 180 टन, डीओसी 750 टन, सालपटं 50 टन. उरलेले 20 टन म्हणजे ओलावा आणि धूळ. ही नेहमीची घट आहे, तिला वेगळा खर्च लावायचा नाही. तिचा बोजा बाकीच्या मालावर आपोआप पडतो.

सालपटांचे 10,000 रुपये टनाने 5 लाख येतात आणि गिऱ्हाईक जागेवरून उचलतं. एकूण विक्रीत हा आकडा एक टक्क्याच्या आसपास आहे आणि सालपटांसाठी कुणी सोयाबीन गाळत नाही. म्हणून ते बायप्रॉडक्ट. त्याला जॉइंट कॉस्टमध्ये वाटा द्यायचा नाही. त्याचं निव्वळ वसूलमूल्य जॉइंट कॉस्टमधून वजा करायचं. साठ्याच्या मूल्यांकनाच्या इंड एएस 2 या लेखा मानकातही किरकोळ बायप्रॉडक्टसाठी हीच पद्धत दिली आहे. उरले 460 लाख, ते तेल आणि डीओसीत वाटायचे.

क्रूड तेलाचा भाव 10 किलोला 1,200, म्हणजे टनाला 1,20,000. 180 टनांचे 216 लाख. सुट्या डीओसीचा मिलवरचा भाव टनाला 35,200. 750 टनांचे 264 लाख. बेरीज 480 लाख. तेलाचा वाटा 45 टक्के, डीओसीचा 55 टक्के. 460 लाखांपैकी तेलावर 207 लाख, म्हणजे टनाला 1,15,000. डीओसीवर 253 लाख, म्हणजे टनाला साधारण 33,733.

दोन्हींवरचा नफा विक्रीमूल्याच्या 4.17 टक्के येतो. हा योगायोग नाही, या पद्धतीत तो सारखाच यायला हवा. त्यामुळे ताळा करायला सोपं जातं. स्प्लिट-ऑफ पॉइंटला दोन मालांची टक्केवारी वेगळी आली, तर कुठेतरी भाव, वजन किंवा एकक चुकलं आहे. सोयाबीन क्विंटलवर, तेल 10 किलोवर आणि डीओसी टनावर, अशी तीन एककं एकाच शीटमध्ये असतात. चूक बहुधा तिथेच सापडते. याच कारणामुळे या टक्केवारीवरून तेल जास्त फायद्याचं की डीओसी, असा निष्कर्ष काढू नका.

वजनावर का वाटायचं नाही, तेही बघा. 930 टनांना 460 लाख सरसकट लावले तर दोन्हींचा खर्च टनाला 49,462 येतो. मग डीओसीत टनामागे 14,262 रुपये तोटा आणि तेलात 70,538 रुपये नफा दिसतो. प्रत्यक्षात डीओसीशिवाय तेल काढताच येत नाही, त्यामुळे हा तोटा फक्त कागदावरचा. पण महिनाअखेरीला गोदामात डीओसी पडून असेल तर तिचं मूल्यांकन विक्रीभावाच्या वर जातं आणि ते पुन्हा खाली आणावं लागतं. साठ्याच्या मूल्यांकनासाठीच ही वाटणी मुख्यतः लागते, म्हणून तिथे चालणारी पद्धत हवी.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे वाटणीसाठी विकलेला माल धरणं. वाटणी झालेल्या उत्पादनावर करायची. समजा त्या महिन्यात तेल सगळं गेलं, पण डीओसी 750 पैकी 500 टनच गेली. विक्रीच्या आकड्यांवर वाटलं तर 216 लाखांसमोर 176 लाख येतात आणि तेलाचा वाटा 55.1 टक्के होतो. म्हणजे तेलावर 253 लाखांहून जास्त खर्च आणि विक्री 216 लाख. चांगल्या महिन्यात तेलात तोटा दिसेल, आणि तो केवळ डीओसीची उचल लांबली म्हणून. बरोबर पद्धतीत न विकलेली 250 टन डीओसी टनाला 33,733 प्रमाणे 84.33 लाखांनी साठ्यात राहते आणि तेलाला धक्का लागत नाही. वाटणीच्या शीटमध्ये विक्री रजिस्टरमधून फक्त भाव यावा, वजन उत्पादन रजिस्टरमधूनच यावं.

भाव घेतानाही दोन गोष्टी सांभाळा. एक, तो जीएसटी सोडून आणि मिलवरचा असावा. पोच भावाने विकलं असेल तर गाडीभाडं आणि दलाली वजा करा, आणि डीओसीचा भाव बारदानासकट असेल तर बारदान आणि भराईही. नाहीतर ज्या मालाचं भाडं जास्त, त्याच्यावर जॉइंट कॉस्ट विनाकारण जास्त बसते. दोन, शेवटच्या दिवसाचा भाव न घेता महिन्याची भारित सरासरी घ्या. तेल आणि डीओसीचे भाव एकत्र हलतातच असं नाही. एका दिवसाच्या उसळीवर महिन्याभराची वाटणी ठरू नये.

आता रिफाइंडचा प्रश्न. 180 टन क्रूडमधून समजा 171 टन रिफाइंड निघालं, भाव टनाला 1,32,000. विक्री 225.72 लाख, शिवाय रिफायनिंगमध्ये निघणाऱ्या सोपस्टॉकचे 3 लाख. रिफायनरीचा खर्च 7.20 लाख.

रिफाइंडची विक्री तशीच घेऊन 225.72 विरुद्ध 264 अशी वाटणी केली, तर तेलावर जॉइंट कॉस्टचे जवळपास 5 लाख जास्त बसतात. रिफायनरीने वाढवलेली किंमत सोयाबीनच्या खर्चाची वाटणी बदलते, हे बरोबर नाही. पुढचा खर्च वजा करून सोपस्टॉक मिळवला, म्हणजे 221.52 लाख धरले, तरी तेलाचा वाटा 45.63 टक्के येतो आणि सुमारे 2.88 लाख तेलाकडे सरकतात. कारण रिफायनिंगचा नफा अजून त्या आकड्यात आहे. ही वसूलमूल्याची पद्धत चुकीची नाही, पण ती स्प्लिट-ऑफला बाजारभाव मिळतच नाही तेव्हासाठी. क्रूड सोया तेलाचा भाव रोज मिळतो, तुम्ही स्वतः एक टँकरही क्रूड विकत नसलात तरी. तो घ्या, आणि कुठून घेतला त्याची नोंद दर महिन्याच्या शीटला जोडून ठेवा. कॉस्ट ऑडिट लागू असेल तर आयसीएमएआय या कॉस्ट अकाउंटंट्सच्या संस्थेचं सीएएस-19 हे जॉइंट कॉस्टसाठीचंच स्टँडर्ड आहे, आणि ऑडिटर पहिल्यांदा हीच नोंद आणि पद्धतीतलं सातत्य तपासतो.

तेल रिफाइन करावं की क्रूडच विकावं, हे ठरवताना मात्र वरची 207 लाखांची वाटणी बाजूला ठेवा. सोयाबीनचा पैसा दोन्ही पर्यायांत गेलेलाच आहे. पाहायचं एवढंच : रिफाइंड आणि सोपस्टॉकचे मिळून 228.72 लाख, क्रूडचे 216 लाख, म्हणजे वाढीव विक्री 12.72 लाख. त्यातून रिफायनरीचे 7.20 लाख गेले की 5.52 लाख उरतात, म्हणून या भावांना रिफाइन करा. या 7.20 लाखांत फक्त रिफायनरी चालवल्यामुळे होणारा खर्च असू द्या : कॉस्टिक, ब्लीचिंग अर्थ, वाफ, वीज. घसारा आणि मॅनेजरचा पगार रिफायनरी बंद ठेवली तरी जातोच, तो इथे घातला तर फायद्याचं काम तोट्याचं दिसेल. घटही दर महिन्याला प्रत्यक्ष मोजा. या उदाहरणात ती 5 टक्के आहे. बाकी सगळं तेच ठेवून 171 टनांऐवजी 166 टनच हातात आलं, तर 6.60 लाखांची विक्री जाते आणि रिफायनिंग सुमारे एक लाखाच्या तोट्यात येतं. क्रूडमध्ये एफएफए, म्हणजे मुक्त फॅटी आम्लं, किंवा गम जास्त असला की घट वाढते. तशा लॉटसाठी हा हिशोब टँकर भरण्याआधी वेगळा करा.