होल्डर कपाटातच राहू द्या

प्रश्न: सहावीला साधा विद्युत परिपथ शिकवायचा आहे. सेल आणि वायर देऊन मुलांकडूनच बल्ब पेटवून घेणार आहे. ३५ मिनिटांच्या तासिकेचं नियोजन कसं करू? शाळेत होल्डर आणि स्विच लावलेलं किट आहे, ते वापरू का?

किट वापरू नका. निदान पहिल्या तासिकेला तरी नाही. दोघादोघांत एक सेल, एक बॅटरीचा बल्ब आणि वीतभर वायरचा एकच तुकडा द्या. हो, एकच. "पेटवून दाखवा" एवढं म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणं हेच यातलं अवघड काम.

एवढं ठासून सांगतोय कारण याच पाठावरून माझं आणि एका सहकारी बाईंचं चांगलंच वाजलं होतं. माझ्याकडे अ तुकडी, त्यांच्याकडे ब. त्यांची पद्धत टापटीप: आधी फळ्यावर चिन्हं, मग आकृती, मग टेबलावर किट. स्विच दाबला, दिवा लागला, टाळ्या, आकृती वहीत. माझ्या वर्गात नुसता गोंगाट. मधल्या सुट्टीत बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सर, तुमच्या वर्गात अर्धा तास झाला तरी उजेड पडला नाही!" स्टाफरूम हसली. मीही हसलो, पण ते लागलं होतं.

त्या अर्ध्या तासात काय चाललं होतं ते सांगतो. सुरुवातीला जवळपास प्रत्येक जोडीने एकच केलं: वायरचं एक टोक सेलच्या टोपीला, दुसरं बल्बच्या बुडाला. पेटेना. नळीतून पाणी यावं तशी वीज सेलमधून बल्बात येते, एवढंच मुलांच्या डोक्यात असतं. परत जायलाही वाट लागते हे त्यांच्या गावीही नसतं, कारण घरात पंख्याला, टीव्हीला एकच वायर गेलेली दिसते. त्या एका वायरीच्या पोटात दोन तारा असतात हे कोण बघतं?

मग काहींनी सेलची दोन्ही टोकं वायरने जोडली आणि बल्ब टोपीवर उभा धरला. बल्ब तसाच, वायर मात्र तापली. "सर, चटका बसतोय!" हे शॉर्ट सर्किट आहे असं मी तेव्हा सांगितलं नाही. गरम लागली की लगेच सोडायची, एवढाच नियम दिला.

मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र काहीच जोडत नव्हता. बल्ब उलटा धरून त्याचं बूड निरखत होता. मला म्हणाला, "सर, याला दुसरा ठिपका कुठाय?"

या प्रश्नात अख्खा पाठ आहे. आपल्या घरातल्या खुंट्यांच्या बल्बला बुडाशी दोन ठिपके असतात. वीज एकातून आत जाते, दुसऱ्यातून बाहेर पडते, आणि भोवतीच्या पत्र्याच्या टोपणाचं काम फक्त बल्ब होल्डरमध्ये अडकवून ठेवण्याचं. बॅटरीच्या बल्बला ठिपका एकच. दुसरं टोक म्हणजे ते आट्यांचं टोपणच. पण मुलांनी आयुष्यभर पाहिलेलं टोपण निव्वळ पकडीचं असतं, मग तिथे वायर लावून बघायचं त्यांना सुचणार कसं? चिन्हांच्या आकृतीत हे दिसत नाही. होल्डरमध्ये तर ते पार झाकलं जातं.

मी त्याला उत्तर दिलं नाही. काच आधीच फोडून काढलेला एक बल्ब दिला आणि टाचणीने तारांचा माग काढत जा म्हटलं. कुंतलाची एक तार खाली ठिपक्यापर्यंत गेली. दुसरी टोपणाच्या काठाशी, जिथे डाखाचा बारीक थेंब असतो, तिथे संपली. मधे काळा थर, वीज न जाऊ देणारा. त्याने ठिपका सेलच्या टोपीवर टेकवला, सेलच्या बुडाकडून वायर आणून टोपणाला लावली. पेटला. मग सगळा वर्ग त्याच्या बाकावर.

दुसऱ्या आठवड्यात बाईंच्याच परवानगीने ब तुकडीला हेच साहित्य दिलं. आकृती त्यांनी सुरेख काढली, बल्ब मात्र मोजक्याच मुलांना पेटवता आला. बाई म्हणाल्या, "अहो, त्यांना होल्डर कुठे दिला होता तुम्ही!" मग मी तरी दुसरं काय म्हणत होतो? हे फक्त आपल्याच मुलांचं होतं असंही नाही. १९९७ च्या एका अमेरिकी माहितीपटात एमआयटीच्या पदवीदानाच्या दिवशी झगे घातलेल्या पदवीधरांच्या हातात एक बल्ब, एक सेल आणि एक वायर दिली होती. त्यांच्यातलेही कित्येक अडकले.

तर नियोजन. पहिली पाच मिनिटं प्रत्येकाला वहीत काढू द्या, बल्ब, सेल, वायर कशी ठेवली की पेटेल. मग वीसेक मिनिटं हात चालू द्या. ज्यांचा पेटला त्यांना शेजाऱ्याला सांगू देऊ नका, दुसरी मांडणी शोधायला लावा: सेल उलटा करून, किंवा ठिपक्याऐवजी टोपण सेलला टेकवून. चारही मांडण्यांत पेटतो. उरलेल्या वेळात पेटलेली आणि न पेटलेली मांडणी शेजारी शेजारी काढून घ्या. चिन्हं, स्विच, होल्डर दुसऱ्या तासिकेला. तेव्हा होल्डर उघडून त्यातल्या दोन पट्ट्या बल्बच्या कुठल्या भागांना टेकतात ते मुलांनाच शोधू द्या.

साहित्य आदल्या दिवशी स्वतः तपासा. मुलांना घरून सेल आणायला सांगितलं की ती भिंतीवरच्या घड्याळातला काढून आणतात. घड्याळाला इतकी कमी वीज लागते की मरायला टेकलेला सेलही ते चालवतो, बल्ब मात्र त्यावर पेटत नाही. मग मांडणी बरोबर असूनही मूल चुकलो समजतं. बल्ब अडीच व्होल्टचा घेतलात तर दीड व्होल्टच्या एका सेलवर मिणमिणता पिवळाच पेटेल. उन्हाच्या वर्गात तो दिसतही नाही, खिडक्या लावून घ्या. वायरची टोकं बोटभर सोलून ठेवा, नाहीतर मुलं दातांनी सोलतात. मोटार वाइंडिंगची तांब्याची तार असेल तर तिच्यावर लाखेसारखा थर असतो, तो काचपेपरने घासल्याशिवाय काही होणार नाही.

एलईडी देऊन काम भागवू नका. एका सेलवर तो पेटत नाही आणि उलटा लावला तर दोन सेलवरही नाही.

आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं: साधे स्वस्त सेलच द्या. मोबाइलची बॅटरी किंवा चार्जिंगचे सेल अजिबात नकोत, शॉर्ट झाले तर नुसत्या चटक्यावर भागत नाही. घरच्या प्लगमध्ये हा प्रयोग करायचा नाही, हे तासिका संपायच्या आत स्पष्ट बजावा. साठ मुलांचा वर्ग आणि दहाच बल्ब असतील तर माझी पद्धत कोलमडते, तेव्हा अर्धा वर्ग अर्धा वर्ग करून दोन दिवस घ्या. बाईंचं एक मात्र खरं होतं: माझ्या तुकडीची चिन्हं पुढे महिनाभर कच्ची होती.