जेवण बाधल्याची तक्रार आली आहे, उत्तर काय लिहू?

प्रश्न : सांगलीजवळ माझं फॅमिली रेस्टॉरंट आहे. मागच्या शनिवारी रात्री नऊच्या सुमारास चौघांचं कुटुंब जेवून गेलं. तीन मटण थाळ्या, एक व्हेज थाळी, बिल १,४६० रुपये. सोमवारी त्यांचा ई-मेल आला की रविवारी पहाटेपासून नवरा-बायकोला उलट्या-जुलाब झाले, सलाइन लावावं लागलं, सात दिवसांत ५०,००० रुपये द्या, नाहीतर एफडीए आणि ग्राहक मंचाकडे जाऊ. माझ्या पुतण्याने उत्तर लिहून ठेवलंय, 'सॉरी सर, दुपारी लाईट गेल्यामुळे फ्रीज बंद होता, आम्ही भरपाई देऊ.' मला वाटतं उलट मानहानीची नोटीस द्यावी. त्या रात्री साठच्या वर थाळ्या गेल्या, दुसऱ्या कुणाची तक्रार नाही. काय लिहू?

उत्तर : दोन्ही पाठवू नका. पुतण्याच्या एका ओळीत तीन गोष्टी कबूल होतात. फ्रीज बंद होता, त्यामुळेच त्रास झाला, आणि पैसे देणं तुमच्यावर लागतं. यातली पहिली खरी असेलही. उरलेल्या दोन त्याला ठाऊक नाहीत आणि आज तुम्हालाही नाहीत. तुमच्या नोटिशीचं म्हणाल तर, आजारी माणसाने हॉटेलवाल्याला खासगीत लिहिलेल्या तक्रारीवर मानहानीचा दावा टिकायचा नाही. उलट उद्या हे गृहस्थ ग्राहक आयोगासमोर, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचासमोर, गेले, तर त्यांच्या अर्जाला पहिलं जोडपत्र तुमच्या नोटिशीचंच असेल.

लिहायला बसण्याआधी एक दिवस चौकशीला द्या. शनिवारी लाईट किती वाजता गेली, किती वेळ गेली, जनरेटर होता का, फ्रीजचं दार त्या वेळात किती वेळा उघडलं आणि कच्चं मटण कधी आलं होतं, हे स्वयंपाक्याला शांतपणे विचारा. तापमानाची वही असेल तर आहे तशी बाजूला काढा. रिकामे रकाने आज बसून भरू नका. सहा दिवसांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी तर माझ्यापेक्षा जास्त पाहिल्या आहेत. वीज गेल्याची नोंद महावितरणकडेही असते, तेव्हा ती लपवता येईल असं समजू नका. सीसीटीव्हीचं चित्रण बऱ्याच ठिकाणी पंधरा ते तीस दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून त्या रात्रीचं स्वयंपाकघर आणि बैठक आजच वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या. ग्राहक तक्रारीला मुदत दोन वर्षांची आहे, तेवढा काळ हे सगळं जपून ठेवायचं. हजेरीपटही पाहा. त्या दिवशी कुणी पोट बिघडलं म्हणून लवकर घरी गेलं होतं का?

आता वेळेचं गणित. नऊला जेवण आणि पहाटे चारला उलट्या धरल्या, तर मध्ये सात तास जातात. शिजवून कोमट ठेवलेल्या भातात किंवा हाताळलेल्या पदार्थांत जंतूंचं विष आधीच तयार झालं असेल, तर उलट्या साधारण अर्ध्या तासापासून सहा-आठ तासांत सुरू होतात. साल्मोनेलासारख्या जंतूंना मात्र सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणजे सात तास हे तुमच्या जेवणाशी जुळतात, आणि शुक्रवारी दुसरीकडे खाल्लेल्या जेवणाशीही. माणूस शेवटच्या बाहेरच्या जेवणाला दोष देतो. ते नेहमीच खरं नसतं, पण नेहमी खोटंही नसतं. म्हणून कोणी काय खाल्लं हे महत्त्वाचं. तीन मटण थाळ्यांत आजारी दोघंच पडले, तर तिसरा मटण खाणारा ठीक कसा? की व्हेज थाळीवालाच आजारी पडला, आणि मग भात, दही, कोशिंबीर किंवा पाणी तपासायला हवं?

दवाखान्याच्या कागदावर बहुधा 'अक्यूट गॅस्ट्रोएन्टरायटिस' असं लिहिलेलं असेल. त्यातून आजार सिद्ध होतो, कारण सिद्ध होत नाही. शौचाची तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल जास्त बोलका असतो. सेवेत कसूर झाली हे आधी दाखवण्याची जबाबदारी तक्रारदाराची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. पण त्यांच्याकडे डॉक्टरचा कागद आणि तुमचं बिल आहे, आणि तुमच्याकडे वहीच नाही, असं चित्र झालं तर या तत्त्वाचा फार आधार वाटणार नाही.

आणखी एक फोन पत्र जाण्याआधी करा. तुमच्या दुकानाच्या विम्यात ग्राहकांबद्दलच्या दायित्वाचं कलम आहे का, हे एजंटला विचारा. असेल तर कंपनीला तक्रारीची लेखी खबर आधी द्या. बहुतेक पॉलिसींत अट असते की विमा कंपनीच्या संमतीशिवाय दायित्व कबूल करायचं नाही आणि रक्कम देऊ करायची नाही. पुतण्याच्या त्या ओळीने विम्याचं संरक्षणही गेलं असतं.

पत्र असं लिहा. लेटरहेडवर, तारीख घालून, ज्या ई-मेलवर तक्रार आली त्यावर आणि शिवाय स्पीड पोस्टाने :

*"श्री. ______ यांस,*

*सप्रेम नमस्कार. आपला दि. ______ चा ई-मेल मिळाला. आपल्याला आणि आपल्या पत्नीला झालेल्या त्रासाबद्दल वाचून वाईट वाटले. आता दोघांनाही बरे वाटत असेल अशी आशा आहे. त्रास अद्याप होत असल्यास कृपया डॉक्टरांना पुन्हा दाखवावे.*

*आमच्या नोंदीनुसार दि. ______ रोजी रात्री ______ वाजता बिल क्रमांक ______ अन्वये आपल्या टेबलवर तीन मटण थाळ्या व एक व्हेज थाळी देण्यात आली. आपली तक्रार मिळताच आम्ही त्या दिवसाच्या खरेदीच्या, साठवणीच्या व स्वयंपाकाच्या नोंदी बाजूला काढून तपासणी सुरू केली आहे. ही तपासणी चालू असताना त्रासाच्या कारणाबद्दल कोणताही निष्कर्ष काढणे आम्हाला शक्य नाही, आणि या पत्रातील कोणत्याही मजकुराचा अर्थ तसा घेऊ नये.*

*तपासणीसाठी पुढील माहिती मिळाल्यास मदत होईल : आपल्यापैकी कोणी कोणते पदार्थ घेतले, कोणाला कोणत्या वेळी काय त्रास सुरू झाला, चौघांपैकी कोणाला त्रास झाला नाही, आणि शक्य असल्यास त्याआधीच्या दोन दिवसांत बाहेर काही खाणे झाले होते का. डॉक्टरांचे प्रमाणपत्र, तपासणीचे अहवाल व उपचारांची बिले यांच्या प्रती पाठवाव्यात. या विषयाशी संबंध नसलेली वैद्यकीय माहिती आपण झाकून पाठवू शकता.*

*आपल्याकडून माहिती आल्यापासून दहा दिवसांत आम्ही तपासणीत काय आढळले ते लेखी कळवू. आपण मागितलेल्या रकमेबाबत तोपर्यंत काही सांगता येणार नाही. आपल्याला उपलब्ध असलेले कायदेशीर मार्ग आपण वापरू शकता याची आम्हाला जाणीव आहे. आमचेही हक्क राखून हे पत्र लिहिले आहे.*

*बोलायचे असल्यास ______ या क्रमांकावर माझ्याशी थेट संपर्क साधावा.*

*आपला,*
*______ (मालक)"*

या पत्रात 'माफी' हा शब्द मुद्दाम नाही, पण 'वाईट वाटले' आहे. आजारी माणसाची विचारपूस करणं म्हणजे कबुली नव्हे. 'आमच्यामुळे झालेल्या त्रासाबद्दल' हे शब्द मात्र कबुलीच्या फार जवळ जातात. एका शब्दाचा फरक, पण वकील त्याच शब्दावर बोट ठेवतात.

साठ थाळ्यांचा मुद्दा तुम्हाला सगळ्यात मजबूत वाटतो, तरी तो मी वगळला. ग्राहकाला तो 'तुम्ही खोटं बोलता' असाच ऐकू येतो. शिवाय पत्र गेल्यावर दुसऱ्या टेबलचा फोन आला, तर तुमचं लेखी विधान खोटं ठरेल. ऑनलाइन ऑर्डरच्या अॅपवरचे संदेश, गूगलवरचे अभिप्राय, काउंटरवरची वही, सगळं पाहून ती आकडेवारी फाइलमध्ये ठेवा. गरज पडली तर आयोगापुढे तिचा उपयोग होईल.

फ्रीजचा उल्लेखही नाही, कारण त्याचा अर्थ अजून तुम्हाला ठाऊक नाही. पण 'आमच्याकडे सर्व काही व्यवस्थित होते' असंही लिहू नका. अन्न सुरक्षा अधिकारी आले आणि त्यांनी विचारलं, तर लाईट गेली होती हे सरळ सांगा. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये 'आम्ही सर्व वाजवी खबरदारी घेतली होती' हा बचाव आहे, पण तो खरं सांगणाऱ्यालाच घेता येतो. याच कायद्यात असुरक्षित अन्नामुळे झालेल्या इजेसाठी भरपाई आहे. गंभीर इजेला ३ लाखांपर्यंत, इतर इजेला १ लाखापर्यंत. तेव्हा ५०,००० हा आकडा हास्यास्पद समजू नका. मात्र तो आपोआप देय होतो असंही नाही.

'हक्कांना बाधा न येता' हा मथळा सगळ्या पत्रांवर छापायची फॅशन आहे. वरच्या पत्रावर तो नको. दिवाणी वादात तडजोडीच्या बोलण्याला त्याने संरक्षण मिळतं. साध्या उत्तराला तो लावला म्हणून ते गुप्त होत नाही, आणि हे पत्र तर उद्या आपणच पुढे करावं असं आहे. तडजोड करायची झाली तर त्यासाठी वेगळं पत्र, त्या मथळ्यासह, विमा कंपनीला विचारून.

कागद आले, वेळा जुळल्या आणि तुमच्या वहीत फ्रीज तीन तास बंद राहिलेला दिसला, तर माझा सल्ला तडजोडीचा असेल. उपचाराची बिलं, बुडालेले कामाचे दिवस आणि जेवणाचं बिल धरून रक्कम ठरवा, 'दायित्व मान्य न करता, सद्भावनेने' अशी पावती दोघांच्या सह्यांनी करा आणि पैसे बँकेतून द्या. त्या पावतीत 'एफडीएकडे तक्रार करणार नाही' अशी अट घालू नका. फौजदारी कारवाई दाबण्यासाठी केलेला करार कायद्याने रद्दबातल ठरतो, आणि अशी अट लिहिलेला कागद सापडला तर संशय तुमच्यावरच येईल.

माहिती आलीच नाही, तर तीन आठवड्यांनी एकच आठवण पाठवा, याच सुरात. आयोगाची नोटीस आली तर मात्र माझ्याकडे किंवा जवळच्या वकिलाकडे त्याच दिवशी या. लेखी म्हणणं मांडायला ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५, आणि त्यानंतरचं उत्तर आयोग वाचत नाही. आणि हो, स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शनिवारी 'लाईट गेली, मटण बाहेर काढू का' असलं काही आलेलं असेल, तर ते कुणी पुसणार नाही हे आज संध्याकाळीच बघा.